सुळका, भात आणि सावली

जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत पेट्रोल पंपांवर लागलेल्या रांगा अजून अनेकांच्या लक्षात असतील. अपघात करून पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद नव्या कायद्यात आली होती आणि तिच्या विरोधात ट्रक-टँकरचालकांनी गाड्या जागच्या जागी उभ्या केल्या होत्या. मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत. तिथले टँकर थांबले की आसपासच्या जिल्ह्यांतले पंप कोरडे पडायला वेळ लागत नाही. त्यामुळे त्या दिवसांत मनमाडचं नाव ज्याच्या त्याच्या मोबाइलवर फिरत होतं.

मी बातम्यांतल्या फोटोंची पडताळणी करते. फोटो जिथला म्हणून सांगितला आहे तिथलाच आहे का, हे शोधणं हे माझं रोजचं काम. त्या गडबडीत, २ जानेवारीला, आमच्याकडे एक फोटो आला. रस्त्यावर एकामागे एक टँकर आणि ट्रक उभे. त्यांच्यात अडकलेली एक छोटी पांढरी मोटार आणि तिच्या पुढच्या चाकापाशी कमरेवर हात ठेवून उभा असलेला माणूस. रस्त्याच्या कडेला शेत, एक पत्र्याची शेड आणि लांबवर, रांगेच्या टोकाच्या वर, अंगठ्यासारखा उभा सुळका. खाली मजकूर होता: ‘मनमाड, आज दुपारी. टँकर निघणार नाहीत. टाक्या भरून घ्या.’

हा मजकूर खरा वाटावा असंच ते चित्र होतं. मनमाडच्या परिसरात हडबीची शेंडी नावाचा सुळका आहे. रेल्वेने किंवा येवल्याच्या रस्त्याने गेलेल्या कुणालाही तो आठवतो, कारण मुठीतून अंगठा वर काढावा तसा तो डोंगरातून वर आलेला आहे. टँकर आहेत, अंगठा आहे, मग मनमाडच असणार, असं कुणालाही वाटलं असतं. पण सगळं इतकं जुळत असलं की मी जास्त सावकाश बघते. ज्याला फोटो खपवायचा असतो तोही अशीच जुळणारी खूण शोधत असतो.

पहिलं काम म्हणजे दाव्याचे तुकडे करणं. इथे तीन दावे होते: जागा मनमाडची, दिवस आजचा आणि वेळ दुपारची. हे तिन्ही वेगवेगळे तपासावे लागतात, कारण यातला एक खरा आणि दुसरा खोटा असू शकतो. मग फोटो उलट शोधाला टाकला, म्हणजे तोच फोटो इंटरनेटवर आधी कुठे आला होता का ते पाहिलं. काही सापडलं नाही. न सापडणं हा फोटो नवा असल्याचा पुरावा नव्हे. व्हॉट्सॲपच्या गटात फिरलेले कितीतरी फोटो या शोधयंत्रांपर्यंत पोचतच नाहीत. फाइलमध्ये कॅमेऱ्याने लिहिलेली वेळ आणि जागाही मिळाली नाही, कारण व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवला की ती माहिती गळून पडते. म्हणजे आता जे काही सांगायचं ते चित्रालाच सांगावं लागणार होतं.

त्याआधी एक छोटी खातरजमा मी नेहमी करते. फोटो आरशातल्यासारखा उलटा केलेला तर नाही ना, हे पाहते. उलट शोधाला चकवायला लोक तसं करतात, आणि मग डावीउजवीकडची प्रत्येक खूण फसवते. शेडवरच्या पाटीची अक्षरं सुलट होती. पांढऱ्या मोटारीचं स्टिअरिंग उजवीकडे होतं. फोटो सुलट होता.

आता सुळका. डोंगराची ओळ ही पडताळणीतली सर्वांत विश्वासू खूण, कारण ती बांधता येत नाही आणि पाडताही येत नाही. पण एकट्या सुळक्यावर विसंबून चालत नाही. सह्याद्रीत सुळक्यांना तोटा नाही, आणि एकच सुळका चार बाजूंनी चार तऱ्हांचा दिसतो. एका बाजूने जाडजूड बुंधा दिसेल, दुसऱ्या बाजूने सुई. म्हणून मी सुळक्याचा आकार कमी आणि त्याच्या भोवतीचं जास्त बघते: तो डोंगराच्या मध्यावर आहे की कडेला, खालचा उतार उघडा आहे की झाडीचा, डाव्या-उजव्या हाताला डोंगराची रेघ कशी खाली येते, कुठे खाच आहे, कुठे बांधकाम आहे.

आमच्या टेबलावर नव्याने आलेल्या मुलाने हडबीच्या शेंडीचे दोन-तीन फोटो शेजारी उघडून ठेवले. “ताई, अंगठा तर जुळतोय,” तो म्हणाला. मी त्याला अंगठा हाताने झाकायला सांगितला. “आता उरलेलं जुळतंय का बघ.” उरलेलं जुळत नव्हतं. शेंडीच्या खालचे उतार गवताळ, उघडेबोडके. आमच्या फोटोतला सुळका मात्र दाट झाडीतून वर आला होता आणि झाडी त्याच्या पायथ्याला थेट चिकटलेली होती. फोटो मोठा करून पाहिला तर सुळक्याच्या खाली झाडीत एक आडवी, सरळ रेघ दिसत होती. कातळाची रेघ इतकी सरळ नसते. ती तटबंदी असावी असं वाटलं.

मनमाडच्या एका पत्रकार मित्राला फोटो पाठवला. त्याने लगेच फोन केला. “ताई, आमच्याकडे जानेवारीत इतकं हिरवं कुठलं आलं? आणि शेंडी अशी झाडीत बुडलेली नसते कधी. तुम्ही कोकणाकडे बघा.” तटबंदी असलेला, झाडीतून वर आलेला अंगठा आणि खालून जाणारा वर्दळीचा रस्ता म्हटलं की मुंबईकडच्या माणसाला एकच नाव आठवतं, ते कर्नाळ्याचं. पनवेल सोडून मुंबई-गोवा महामार्गाने निघालं की थोड्याच वेळात तो समोर उभा राहतो.

आठवलेलं नाव हा पुरावा नसतो. तो तपासायचा एक अंदाज असतो. त्यामुळे कर्नाळा बाजूला ठेवून मी झाडांकडे वळले.

झाडांबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे: हिरवं म्हणजे कोकण, करडं म्हणजे देश. सप्टेंबरात मनमाडचे डोंगरही हिरवे असतात आणि एप्रिलमध्ये रायगडातले डोंगर भाजून निघालेले असतात. नारळ आणि रबर एकत्र दिसले की लोक केरळ म्हणून मोकळे होतात. आपल्या दोडामार्गातही रबराच्या बागा आहेत. गुलमोहर, सुबाभूळ, निलगिरी ही तर लावलेली झाडं, ती कुठेही सापडतात आणि म्हणून जागा सांगायच्या कामी फारशी येत नाहीत. झाडाकडून जागा विचारायची तर पेरलेलं पीक आणि आपोआप उगवलेलं रान यांच्याकडे बघावं, आणि जागेच्या बरोबर महिनाही विचारावा.

आमच्या फोटोत रस्त्याच्या कडेला भात होता. नुसतं गवत नव्हे, कारण बांध दिसत होते, आणि बांधांच्या आत सारख्या उंचीचं पीक होतं. रोपं गुडघ्याच्या वर आलेली, हिरवी, आणि पुढच्या खाचरात शेंडे किंचित वाकायला लागलेले. म्हणजे लोंब्या धरल्या होत्या, पण पिवळ्या झाल्या नव्हत्या. पावसाळी भाताची ही अवस्था साधारण सप्टेंबरात येते. ऑक्टोबरात शेत पिवळं पडतं, कापणी होते, आणि जानेवारीत तिथे खोडक्या असतात नाहीतर वाल. मनमाडच्या बाजूला जानेवारीच्या सुरुवातीला कांदा दिसेल, गहू-हरभरा दिसेल, पण भाताची खाचरं दिसणार नाहीत.

इथपर्यंत दोन गोष्टी हातात आल्या होत्या. फोटो बहुधा पावसाळ्याच्या उत्तरार्धातला होता, आणि भात पिकवणाऱ्या पट्ट्यातला होता. पण भात इगतपुरीला आहे, मावळात आहे, भंडारा-गोंदियात आहे. भाताने मनमाड वगळलं, पण कर्नाळा सिद्ध केला नाही.

मग पाट्या. पाटी वाचली की काम संपलं, असं बाहेरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात वाचता येणारी अख्खी पाटी फोटोत क्वचित मिळते, आणि मिळाली तरी ती कुणाची पाटी आहे हे पाहावं लागतं. टँकरवर लिहिलेलं गाव टँकरमालकाचं असतं, रस्त्याचं नव्हे. नंबरप्लेटचंही तेच. ट्रक, टँकर, आरामबस सगळीकडे फिरतात. त्यांच्या पासिंगवरून जागा ठरवली तर महाराष्ट्रातला प्रत्येक रस्ता गुजरात किंवा नागालँडमध्ये जाईल. स्थानिक असतात त्या दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर आणि शाळेच्या गाड्या. म्हणून मी रांगेच्या कडेने वाट काढणाऱ्या दुचाकी शोधल्या. दोन दिसत होत्या. एकीची प्लेट चिखलाने माखलेली. दुसरीवर एमएच ४६ वाचता येत होतं, आणि ते पनवेलचं पासिंग आहे. मालेगावचं एमएच ४१ दिसलं असतं तर मी पुन्हा मनमाडकडे वळले असते. एका दुचाकीवरून निकाल देता येत नाही, पण वजन एका बाजूला झुकलं.

पत्र्याच्या शेडवर रंगवलेली पाटी होती आणि तिचा अर्धा भाग ट्रकच्या मागे गेला होता. दिसत होतं ते एवढंच: ‘...ढोण’. कर्नाळ्याच्या उत्तरेला, पनवेलच्या वाटेवर शिरढोण आहे. वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव म्हणून अनेकांना ते माहीत असतं. आमच्या मुलाने टाळी वाजवली. मी त्याला नकाशात ‘शिरढोण’ शोधायला सांगितलं. एक पनवेल तालुक्यात निघालं, एक कोल्हापूरच्या शिरोळ तालुक्यात, एक सांगलीच्या कवठेमहांकाळ तालुक्यात आणि एक धाराशिवच्या कळंब तालुक्यात. महाराष्ट्रात गावांची नावं अशी पुन्हापुन्हा येतात. वडगाव, पिंपळगाव, नांदगाव किती आहेत याची गणती नाही. नाव जुळलं म्हणजे गाव जुळलं नाही. पण शिरोळ हा उसाचा मुलूख, कवठेमहांकाळ आणि कळंब दुष्काळी पट्ट्यातले. भाताची खाचरं, झाडीतून वर आलेला सुळका, त्याखालचा तट आणि एमएच ४६, हे सगळं ज्याच्या आसपास आहे असं शिरढोण एकच.

आता जागा जमिनीवर पक्की करायची होती. उपग्रहचित्रात शिरढोणपासून कर्नाळ्याच्या सुळक्यापर्यंत मी एक रेघ ओढली. किल्ला गावाच्या दक्षिणेला, किंचित पूर्वेकडे आहे. महामार्गही तिथे जवळजवळ दक्षिणोत्तर जातो, त्यामुळे रस्त्यावर उभं राहून दक्षिणेकडे पाहिलं की रांगेच्या टोकावर सुळका दिसावा, आणि फोटोतही तो तसाच होता. पण नेमकं उभं कुठे राहायचं? त्यासाठी फोटोत दोन खुणा एका रेषेत शोधायच्या असतात, एक जवळची आणि एक लांबची. आमच्या फोटोत शेडच्या छपराचा उजवा कोपरा बरोबर सुळक्याच्या खाली येत होता. नकाशावर सुळक्यापासून निघून त्या कोपऱ्यावरून जाणारी रेघ पुढे वाढवली की ती रस्त्याला एकाच जागी छेदते. फोटो काढणारा त्या छेदाच्या आसपासच उभा असणार. शेड उपग्रहचित्रात होती. पनवेलच्या एका जुन्या गिर्यारोहक काकांना ती जागा विचारली, तर त्यांनी दुसऱ्या दिवशी तिथे उभं राहून फोटो काढून पाठवला. शेड, तिचा कोपरा आणि वरचा सुळका तसेच जुळले. खाचरं मात्र करडी, कापलेली होती. काकांच्या फोटोने जागा सिद्ध केली आणि जानेवारीचा दावाही जवळजवळ खोडला.

‘जवळजवळ’ म्हणायचं कारण, कुणी म्हणू शकतं की यंदा भात उशिरा लावला असेल, किंवा विहिरीच्या पाण्यावर असेल. शेतीत अपवाद निघतात. सूर्यात निघत नाहीत.

सूर्याचं गणित ऐकायला अवघड वाटतं, पण दुपारपुरतं ते सोपं आहे. भरदुपारी सूर्य आपल्या माथ्यापासून किती कलला आहे हे दोन गोष्टींवर ठरतं: आपण कोणत्या अक्षांशावर आहोत आणि त्या दिवशी सूर्य कोणत्या अक्षांशावर बरोबर डोक्यावर येतो. दोन्हींची वजाबाकी केली की कल मिळतो. मनमाड सुमारे २०.२५ अंश उत्तरेला आहे. २ जानेवारीला सूर्य सुमारे २३ अंश दक्षिणेला असतो. म्हणजे त्या दिवशी मनमाडला भरदुपारीही सूर्य माथ्यापासून ४३ अंश दक्षिणेकडे कललेला असतो. अशा उन्हात माणसाची सावली जवळजवळ त्याच्या उंचीएवढी पडते. ही त्या दिवसाची सर्वांत आखूड सावली, सकाळी आणि संध्याकाळी ती याहून लांबच असणार. म्हणून जानेवारीच्या सुरुवातीला मनमाडला पायाशी गोळा झालेली सावली दिसली, तर दिवस तरी चुकीचा आहे किंवा गाव तरी.

पण फोटोतून सावली मोजायची कशी? इथे अनेक जण फसतात. सावली कॅमेऱ्याच्या दिशेने किंवा कॅमेऱ्यापासून लांब पडत असेल तर ती चित्रात दबलेली, खरी आहे त्यापेक्षा आखूड दिसते. पट्टी लावून माणूस आणि सावली यांची तुलना केली तर उत्तर चुकतं. आमच्या फोटोत सावल्या कॅमेऱ्याकडेच येत होत्या. सुदैवाने तो माणूस मोटारीला लागून उभा होता, पुढच्या चाकापाशी, आणि त्याची सावली मोटारीच्या कडेने मागच्या चाकाच्या दिशेने पडली होती. मोटारही त्याच रेषेत दबलेली होती, त्यामुळे मोटारीचेच भाग मोजपट्टी म्हणून वापरता आले. अशा छोट्या मोटारीच्या दोन चाकांमध्ये सुमारे २.४ मीटर अंतर असतं. जानेवारीचा दिवस असता तर मध्यम उंचीच्या माणसाची सावली दीड मीटरच्या वर, म्हणजे मागच्या चाकाच्या वाटेवर निम्म्याहून पुढे गेली असती. प्रत्यक्षात ती पुढच्या चाकाच्या व्यासाएवढीच होती, साधारण ५५ सेंटिमीटर. माणसाच्या उंचीचा एक तृतीयांश.

२ जानेवारीचा दावा इथे संपला. मनमाडच काय, महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावी त्या दिवशी इतकी आखूड सावली पडत नाही.

पण सावली एवढं सांगून थांबत नाही. शिरढोण जवळजवळ १८.९ अंशावर आहे. एक तृतीयांश सावली म्हणजे सूर्य माथ्यापासून १८ अंशांच्या आसपास कललेला. सावली रस्त्याच्या रेषेत, कॅमेऱ्याकडे म्हणजे उत्तरेकडे पडली होती, म्हणजे सूर्य जवळजवळ नेमका दक्षिणेला होता आणि वेळ मध्यान्हीची होती, घड्याळात साडेबाराच्या सुमाराची. वजाबाकी उलटी केली तर सूर्य त्या दिवशी विषुववृत्तावर किंवा त्याच्या थोडा अलीकडे-पलीकडे असायला हवा. मोजमापात दहा सेंटिमीटरची चूक धरली तर सप्टेंबरच्या मध्यापासून महिनाअखेरपर्यंतचे दिवस निघतात. पण सूर्य विषुववृत्तावरून वर्षातून दोनदा जातो, त्यामुळे मार्चचा दुसरा पंधरवडाही तितकाच बसतो. सनकॅल्कसारख्या संकेतस्थळावर जागा आणि तारीख टाकून सूर्याची दिशा आणि उंची ताडून पाहिली, तिथेही हेच आलं.

सप्टेंबर की मार्च, हे सूर्याला सांगता येत नाही. ते भाताने सांगितलं. लोंब्या धरलेला पावसाळी भात आणि गच्च हिरवा डोंगर मार्चमध्ये नसतो. या कामातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे. प्रत्येक खुणेला काही दिसतं आणि काही मुळीच दिसत नाही. सुळक्याला महिना कळत नाही, भाताला तालुका कळत नाही, पाटीला चार शिरढोणांतला फरक कळत नाही आणि सूर्याला मार्च-सप्टेंबर वेगळे करता येत नाहीत. एका खुणेला जिथे दिसत नाही तिथे दुसरीला दिसतं का, हे पाहत जायचं. एकाच जातीच्या दहा खुणा जमवण्यापेक्षा वेगवेगळ्या जातीच्या चार खुणा परस्परांशी न बोलता एकच उत्तर देत असतील तर ते उत्तर टिकतं.

सावलीच्या बाबतीत आपल्याकडच्यांनी एक गोष्ट खास लक्षात ठेवायला हवी. परदेशी लोकांनी लिहिलेल्या मार्गदर्शक पुस्तिकांमध्ये सर्रास असं असतं की दुपारी सूर्य दक्षिणेला आणि सावली उत्तरेला. युरोपात ते बारा महिने खरं आहे. महाराष्ट्रात नाही. शून्य सावलीच्या दिवसाच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. पनवेलच्या अक्षांशावर तो मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीला येतो. या दोन दिवसांच्या मधल्या काळात भरदुपारी सूर्य आपल्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. नेमका हाच काळ आपल्या वादळवाऱ्यांचा आणि पहिल्या पुरांचा, म्हणजे जुने फोटो नव्याने फिरण्याचा. जून-जुलैतला दुपारचा फोटो ‘सावली उत्तरेला’ धरून वाचला तर सगळ्या दिशा उलट्या होतात आणि खरा फोटो खोटा ठरतो. आमच्या फोटोत हिरवळ होती आणि सावली उत्तरेला होती, म्हणजे जून-जुलै आपोआप बाद झाले.

सूर्याचे आणखी काही हट्ट आहेत. जमीन सपाट असावी लागते. चढावर सावली आखडते आणि उतारावर लांबते. ज्याची सावली मोजायची ती वस्तू ताठ उभी हवी. झुकलेला खांब चालत नाही. ढगाळ दिवशी सावलीच नसते, आणि आपल्याकडे पुराचे फोटो बहुतेक ढगाळ दिवसाचेच असतात. अशा वेळी सूर्य मदतीला येत नाही, तेव्हा ते मान्य करून बाकीच्या खुणांवर जेवढं सांगता येईल तेवढंच सांगायचं.

आणि वर्ष? सूर्य दरवर्षी त्याच तारखांना जवळजवळ त्याच जागी येतो. सावलीवरून वर्ष काढता येत नाही. त्यासाठी बदलणाऱ्या गोष्टी लागतात. २०१८ मध्ये बीबीसीच्या आफ्रिका आय या चमूने कॅमेरूनमधल्या एका व्हिडिओचा जो तपास केला तो या क्षेत्रात आजही शिकवला जातो. दोन स्त्रिया आणि दोन लहान मुलांना सैनिक गोळ्या घालतात, असं त्या व्हिडिओत दिसत होतं आणि सरकारने सुरुवातीला तो खोटा ठरवला होता. तपास करणाऱ्यांनी मागची डोंगररांग उपग्रहचित्रांशी जुळवून जागा देशाच्या उत्तर टोकाला, झेलेव्हेट गावाजवळ ठरवली. वर्ष त्यांना घरांवरून मिळालं, कारण कोणती भिंत कधी उभी राहिली आणि कधी पडली हे वेगवेगळ्या काळातल्या उपग्रहचित्रांत दिसत होतं. त्या वर्षातला काळ चालत्या सैनिकांच्या सावल्यांवरून २० मार्च ते ५ एप्रिल २०१५ एवढा नेमका झाला. डोंगर, भिंत आणि सावली या तिघांनी आपापलं काम केलं.

आमच्या फोटोत वर्ष सांगणारं काही नव्हतं. फलक नव्हता, अर्धवट बांधकाम नव्हतं, आणि शेड बरीच वर्षं तिथे असावी. वर्ष शोधत बसलो असतो तर आणखी दिवस गेले असते आणि तोवर फोटो आणखी फिरला असता. दावा खोडायला वर्ष लागतही नव्हतं. म्हणून आम्ही तेवढंच छापलं: फोटो मनमाडचा नाही, पनवेलजवळच्या शिरढोणचा आहे, २ जानेवारीचा नाही, पावसाळ्याच्या शेवटाचा, बहुधा सप्टेंबरच्या उत्तरार्धातला आहे, वर्ष ठरवता आलेलं नाही. ‘मनमाडला टँकर थांबलेले नाहीत’ असं मात्र आम्ही लिहिलं नाही, कारण ते थांबले होते. फोटो चुकीचा ठरला म्हणून बातमी खोटी ठरत नाही, हे लिहिताना फार जपावं लागतं. फोटोबद्दल सिद्ध झालेलं फोटोपुरतंच ठेवावं.

वाचकांना माझं सांगणं एवढंच. संकटाच्या वेळी असा फोटो आला की खालची ओळ वाचण्याआधी त्यातल्या माणसांच्या पायांकडे बघा. सावली आहे का, लांब की आखूड, कुठल्या बाजूला, आणि सांगितलेल्या महिन्यात आणि वेळेला तुमच्या अंगणात ती तशी पडते का. शेतात काय उभं आहे आणि ते या दिवसांत उभं असतं का, ते बघा. शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला हे आमच्यापेक्षा लवकर कळतं. तुम्ही स्वतः पुराचा, अपघाताचा किंवा आंदोलनाचा फोटो काढत असाल तर एक फोटो जवळून घ्या आणि एक मागे सरकून, ज्यात डोंगराची रेघ, एखादी पाटी आणि जमिनीवरची सावली येईल. आणि तो पत्रकाराला पाठवताना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. त्यामुळे कॅमेऱ्याने नोंदवलेली माहिती टिकते, आणि उद्या कुणी तुमचा खरा फोटो खोटा म्हणायला लागला तर तो खरा असल्याचं दाखवता येतं.